बरोबर अर्धा किलो, बरोबर एक किलो झालं की डिलिव्हरीचं भाडं उडी मारतं: नेमकं कुठे चुकतंय?

डिचोलीचा_काजूवाला

नमस्कार मंडळी. आमचं डिचोलीला काजूगर आणि सोलांचं घरचं दुकान आहे. ऑनलाइन ऑर्डरसाठी एका ओळखीच्या मुलाने वेबसाइट करून दिली होती. तो आता पुण्याला नोकरीला लागलाय, फोन उचलतो पण वेळ नाही म्हणतो. चवथीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात आणि भाड्यावरून गिऱ्हाइकांची कुरकुर चाललीय, म्हणून इथे विचारतो.

साइटवर आमचं डिलिव्हरीचं कार्ड स्पष्ट लिहिलेलं आहे. अर्ध्या किलोपर्यंत ५० रुपये, एक किलोपर्यंत ७०, दोन किलोपर्यंत ११०, पाच किलोपर्यंत १९०, दहा किलोपर्यंत ३२०. दहाच्या पुढे प्रत्येक किलोला किंवा त्याच्या भागाला ३० रुपये जास्त. वजन मालाचं निव्वळ धरायचं, खोक्याचं नाही, असंही खाली लिहिलंय.

आता गंमत बघा. अर्धा किलो काजूचं एक पाकीट घेतलं की साइट ७० लावते. दोन पाकिटं घेतली, म्हणजे एक किलो, की ११०. चार घेतली की १९०. पण २५० ग्रॅमची तीन पाकिटं घेतली, म्हणजे पाऊण किलो, तर ७०, जे बरोबर आहे. म्हणजे मधल्या वजनांना काही होत नाही, नेमक्या आकड्यालाच होतं.

इथपर्यंत मला समजलं असतं. पण मग दहा किलोला बरोबर ३२० येतात! आणि सोलांची १०० ग्रॅमची दहा पाकिटं घेतली तर एक किलोला बरोबर ७० येतात. तेच एक किलो काजूचं असेल तर ११०. सोलां आणि काजू यांना वेगळं भाडं आम्ही कुठेही ठेवलेलं नाही. बाबा म्हणतात कोणीतरी मुद्दाम केलंय. मला तसं वाटत नाही, पण उत्तरही सापडत नाही.

---

मडगावचे_खाजेवाले

अहो हे सगळीकडे असंच आहे. मी जत्रांना खाजे पुरवतो, बाहेरगावी कुरिअरने पाठवतो. माल हलका, खोकं मोठं. चार किलोच्या खोक्याला दहा किलोचे पैसे घेतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, जे येईल ते वजन. माझं खोकं ५० × ४० × २५, झाले बरोबर दहा किलो. तुमच्या साइटवाल्याने पण तसलंच काहीतरी घातलं असणार. खोकी लहान करा, भाडं उतरेल.

---

डिचोलीचा_काजूवाला

@मडगावचे_खाजेवाले, नाही हो, आमच्या साइटला खोक्याचं माप माहीतच नाही. फक्त पाकिटांचं वजन मिळवते. आणि तसं असतं तर सोलांच्या दहा पाकिटांना जास्त लागलं असतं, ती जागा जास्त खातात.

---

मांडवीकाठ

हा फ्लोटिंग पॉइंटचा घोळ आहे, शंभर टक्के. कॉम्प्युटरला दशांश अपूर्णांक नीट साठवता येत नाहीत. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `0.1 + 0.2` टाकून बघा, `0.30000000000000004` येतं. तसंच तुमचं एक किलो खरं म्हणजे एक किलोच्या केसभर वर जात असणार, आणि केसभर वर गेलं की पुढचा स्लॅब. वजन दोन दशांशांपर्यंत राउंड करा, विषय संपला.

---

पर्वरीकर

@मांडवीकाठ, तुमचं म्हणणं या धाग्यात पुढे कामाला येणार आहे, पण काजूच्या पाकिटाला ते लागू होत नाही. ०.५ ही संख्या कॉम्प्युटरमध्ये तंतोतंत बसते, कारण ती एकाचा निम्मा आहे. ०.२५ सुद्धा. दोन ०.५ मिळवले की काटेकोर १ येतो, केसभरही वर नाही. तरीही तिथे ११० लागतात. त्यातून एकच पाकीट घेतलं तर बेरीजच होत नाही, तरी ५० चे ७० होतात. म्हणजे त्याचं कारण दुसरं असलं पाहिजे.

@काजूवाला, भाड्याचा हिशोब करणारा कोडचा तुकडा मिळेल का? साइटच्या फाइलींत `charge` किंवा `shipping` असं काहीतरी शोधा. बाकी काही टाकू नका इथे, पासवर्ड वगैरे तर मुळीच नाही.

---

डिचोलीचा_काजूवाला

सापडलं बहुतेक. हेच ना?

```
let wt = 0;
for (const p of items) wt += p.kg;

if (wt < 0.5) charge = 50;
else if (wt < 1) charge = 70;
else if (wt < 2) charge = 110;
else if (wt < 5) charge = 190;
else if (wt < 10) charge = 320;
else charge = 320 + Math.ceil(wt - 10) * 30;
```

एकाच वस्तूची दहा पाकिटं घेतली तर `items` मध्ये ती दहा वेळा येते, एवढं मला तो मुलगा म्हणाल्याचं आठवतं. बारकोड स्कॅन करताना सोपं पडतं म्हणून तसं केलंय.

---

पर्वरीकर

हेच. आणि पाकीट दहा वेळा येतं हे सांगितलंत ते फार बरं केलंत, सोलांचं कोडं त्यातच आहे.

आधी काजू. तुमचं कार्ड म्हणतं "अर्ध्या किलोपर्यंत ५०". पर्यंत म्हणजे अर्धा किलो धरून. कोड म्हणतो `wt < 0.5`, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा कमी असेल तर ५०. एक पाकीट काजू अर्ध्या किलोपेक्षा कमी नाही, बरोबर अर्धा किलो आहे. पहिली पायरी नाकारते, दुसरी विचारते एकापेक्षा कमी आहे का, आहे, म्हणून ७०. एक किलो, दोन किलो, पाच किलो, सगळीकडे हीच गत. पाऊण किलो सीमेवर नाही म्हणून तिथे काहीच बिघडत नाही.

असली चूक एरवी महिनोन् महिने लपून राहते, कारण तराजूवर मोकळा माल घातला तर नेमका १.००० क्वचित येतो. तुमच्याकडे उलट आहे. वजन तराजूवरून येत नाही, पाकिटावरच्या छापील आकड्यांच्या बेरजेतून येतं, आणि पाकिटं पाव, अर्धा किलोचीच. म्हणजे तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या ऑर्डरी नेमक्या सीमेवरच पडतात. अर्धा किलोवाल्याला २० जास्त, एक किलोवाल्याला ४०, दोनवाल्याला ८०, पाचवाल्याला १३०.

आता दहा किलो. तेही `wt < 10` मधून निसटतं आणि शेवटच्या ओळीत जातं. पण ती ओळ ठराविक रक्कम लावत नाही, दहाच्या वर किती गेलं ते मोजते. दहा वजा दहा शून्य, शून्याला ३० ने गुणलं तरी शून्य, म्हणून ३२०. चुकीच्या दारातून जाऊन बरोबर उत्तर आलं.

सोलांचं जेवून आल्यावर लिहितो.

---

मांडवीकाठ

ठीक, काजूचं मान्य. पण सोलां माझीच बाजू घेणार असं दिसतंय :)

---

पर्वरीकर

घेणार आहेतच. ०.१ मात्र तंतोतंत बसत नाही. ते दहा वेळा एकात एक मिळवत गेलात की कन्सोल म्हणतो:

```
0.9999999999999999
```

एक नाही, एकाच्या केसभर खाली. मग `wt < 1` खरं ठरतं आणि ७० लागतात. म्हणजे दहा पाकिटं सोलांना बरोबर भाडं लागत होतं ते दोन चुका एकमेकींवर पडल्या म्हणून. काजूंत एकच चूक होती, म्हणून ती दिसली.

पडताळा हवा असेल तर सोलांची पाच पाकिटं घालून बघा. ०.१ पाच वेळा मिळवलं की नेमकं ०.५ येतं, मधली चूक योगायोगाने भरून निघते. तिथे ५० ऐवजी ७० लागले पाहिजेत. तसं झालं तर माझं म्हणणं बरोबर.

---

डिचोलीचा_काजूवाला

झालं! पाच पाकिटं, ७० रुपये. बाबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मुद्दाम नाही तर."

आता मी सगळीकडे `<` चं `<=` करतो. एवढंच ना?

---

वास्को_कार्गो

थांबा, हे "सगळीकडे" आवडलं नाही. तुमच्या दुकानापुरतं ठीक आहे, पण हा धागा वाचून उद्या कोणी तरी आमच्या शीटमध्ये पण तसंच करेल.

मी विमानाच्या कार्गोत बुकिंगला आहे. आधी फक्त दाबोळी होतं, आता मोपाही आहे, पण दरपत्रक वाचायची रीत तीच. तिथे टप्पे उलटे लिहिलेले असतात. ४५ किलोखाली एक दर, मग +४५, +१००, +३००, +५००. +४५ म्हणजे ४५ आणि वर. आणि वर गेलं की दर किलोमागे उतरतो. समजा ४५ खाली किलोला ६० आणि +४५ ला ५० असा दर आहे. बरोबर ४५ किलोचा माल आला. कोणी `> 45` लिहिलं तर त्याला ४५ × ६० म्हणजे २७०० लागतील. खरे २२५०. गिऱ्हाइकाचे ४५० गेले. म्हणजे तुमच्याकडे सीमेवरचा आकडा खालच्या टप्प्याचा, आमच्याकडे वरच्या.

आमच्याकडे आणखी एक पाचर आहे. ४४ किलोचा माल ६० ने २६४० होतो, पण ४५ समजून ५० ने लावला तर २२५० च. तेव्हा गिऱ्हाइकाला स्वस्त पडेल ते लावायचं असतं. या उदाहरणात ३७.५ किलोच्या पुढे ४५ किलोपर्यंत सगळ्यांना २२५० च लागतात. नवीन पोरं हे विसरतात आणि मग ४४ किलोवाला ४५ किलोवाल्यापेक्षा जास्त पैसे भरतो. तोही सीमेवरचाच घोळ, पण चिन्ह बदलून तो जात नाही, दोन्ही रकमा काढून लहान ती घ्यावी लागते.

---

पर्वरीकर

@वास्को_कार्गो, अगदी. `<` चूक आणि `<=` बरोबर असं काही नसतं. कार्डावरचं वाक्य वाचायचं. "पर्यंत" असेल तर सीमा खालच्या टप्प्यात, "पासून" किंवा "आणि वर" असेल तर वरच्या. कार्ड एकीकडे आणि कोड दुसरीकडे अशी फाटाफूट झाली की पैसे चुकतात.

@काजूवाला, तुमच्या कार्डावर सगळीकडे "पर्यंत" आहे, तेव्हा तुमच्यासाठी `<=`. पण बदलून झाल्यावर सोलांची वीस पाकिटं घालून बघा आणि इथे सांगा.

---

फोंड्याची_शर्वरी

माझ्याकडे कोड वगैरे काही नाही, एक्सेल आहे, पण आजार तोच दिसतोय. आमच्या मसाल्यांच्या ऑर्डरींची शीट आहे. एका कॉलममध्ये ०, ०.५, १, २, ५ आणि बाजूला दर ५०, ७०, ११०, १९०, ३२० (काजूवाल्यांचेच आकडे घेतले समजायला). मग

```
=VLOOKUP(A2,F2:G6,2,TRUE)
```

एक किलो टाकलं की ११०. यात तर `<` कुठेच नाही! मग चुकतंय कोण?

---

पर्वरीकर

चिन्ह दिसत नाही पण आत आहे. शेवटी `TRUE` दिलं की VLOOKUP तक्त्यातला असा सगळ्यात मोठा आकडा शोधतं जो तुमच्या वजनाएवढा किंवा त्याहून लहान आहे. तुमच्या तक्त्यात टप्पा जिथे सुरू होतो तो आकडा आहे. १ टाकला की १ ची ओळ सापडते, आणि ती "एकापासून पुढे" ची ओळ. म्हणजे तुमची शीट "पासून" वाचते, कार्डावर "पर्यंत" आहे. @वास्को_कार्गो यांच्या दरपत्रकाला ही शीट जशीच्या तशी चालेल, तुमच्या नाही.

कॉलममध्ये टप्पा जिथे संपतो ते आकडे घाला: ०.५, १, २, ५, १०. बाजूला तेच दर. मग

```
=INDEX(G2:G6,COUNTIF(F2:F6,"<"&A2)+1)
```

वजनापेक्षा लहान सीमा किती आहेत ते मोजायचं आणि त्याच्या पुढची ओळ घ्यायची. १ किलोला त्याहून लहान सीमा एकच, ०.५. म्हणून दुसरी ओळ, ७०. १.००१ टाकलंत तर लहान सीमा दोन, म्हणून तिसरी ओळ, ११०. दहाच्या वर गेलं तर हे सूत्र एरर देईल. ते चांगलंच, गुपचूप चुकीची रक्कम देण्यापेक्षा.

नवीन एक्सेलमध्ये `XLOOKUP` आहे, त्याला पाचव्या जागी `1` दिला की तो तेवढाच किंवा पुढचा मोठा आकडा शोधतो. २०१९ च्या एक्सेलमध्ये मात्र ते मिळणार नाही, म्हणून वरचं दिलं.

---

फोंड्याची_शर्वरी

आमचं २०१६ चं आहे. वरचं चाललं. देव बरें करूं.

---

डिचोलीचा_काजूवाला

सगळीकडे `<=` केलं. काजू अर्धा किलो ५०, एक किलो ७०, दोन ११०, पाच १९०. सगळं कार्डाप्रमाणे. सोलांची पाच पाकिटं ५०, दहा पाकिटं ७०.

आणि वीस पाकिटं सोलां... १९०! दोन किलोला ११० यायला हवेत. आता हे काय नवीन?

---

मांडवीकाठ

हा हा हा. आलं का नाही फिरून माझ्याच दारात?

---

पर्वरीकर

आलं, म्हणूनच आधी कबूल केलं होतं. ०.१ वीस वेळा मिळवलं की `2.0000000000000004` येतं. दहाला केसभर खाली होतं, विसाला केसभर वर. `2.0000000000000004 <= 2` खोटं, म्हणून पुढचा टप्पा. आधीच्या कोडमध्येही वीस पाकिटांना १९० च लागत असणार, फक्त तिथे काजूलाही १९० लागत होते म्हणून वेगळं दिसलं नाही.

म्हणजे चिन्ह सुधारणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे वजन किलोच्या अपूर्णांकात ठेवायचंच नाही. ग्रॅममध्ये, पूर्णांकात ठेवा. १००, २५०, ५००. पूर्णांकांच्या बेरजेत असली केसभर चूक होत नाही.

```
let g = 0;
for (const p of items) g += p.grams;

if (g <= 500) charge = 50;
else if (g <= 1000) charge = 70;
else if (g <= 2000) charge = 110;
else if (g <= 5000) charge = 190;
else if (g <= 10000) charge = 320;
else charge = 320 + Math.ceil((g - 10000) / 1000) * 30;
```

शेवटच्या ओळीकडे लक्ष असू द्या. `Math.ceil` नेहमी वरच्या पूर्ण आकड्याकडे ढकलतं. किलोच्या अपूर्णांकात दहा किलो केसभर वर गेलं असतं तर त्या केसालाच ३० रुपये लागले असते.

---

मांडवीकाठ

एवढी उठाठेव कशाला? `wt.toFixed(2)` लावलं की २.००००…४ चं २.०० होतं. एक ओळ.

---

पर्वरीकर

दोन कारणांनी नको. `toFixed` संख्या देत नाही, अक्षरं देतं. तुलना करताना जावास्क्रिप्ट ती परत संख्या करून घेतं म्हणून चालून जाईल, पण त्यात पुढे कोणी बेरीज केली तर ती जोडली जातील. दुसरं, दोन दशांश म्हणजे दहा ग्रॅम. उद्या यांनी मोकळे काजू विकायला काढले आणि १.००४ किलो भरले, तर त्याचं १.०० होऊन ते खालच्या टप्प्यात बसतील. कार्डाप्रमाणे ते वरच्यात जायला हवेत.

डेटाबेसमध्ये किलोच साठवलेले असतील आणि ते बदलणं जड जात असेल तर `Math.round(wt * 1000)` करून ग्रॅम काढा आणि तुलना ग्रॅमवर करा. तेवढ्यापुरतं तुमचं राउंडिंग बरोबर आहे, फक्त ते ग्रॅमवर थांबायला हवं.

---

मांडवीकाठ

ग्रॅमवर थांबलो. पण चार ग्रॅमसाठी गिऱ्हाइकाकडून ४० रुपये घेणारा दुकानदार मला तरी आवडणार नाही.

---

पर्वरीकर

तो दुकानदाराचा निर्णय, कोडचा नाही. दहा ग्रॅमची सूट द्यायची तर कार्डावर तसं लिहा आणि सीमा १०१० करा. लपून दिलेली सूट कोणाला कधी मिळाली ते नंतर कळत नाही.

@काजूवाला, तपासताना प्रत्येक सीमेला तीन वजनं घाला: एक ग्रॅम खाली, बरोबर, एक ग्रॅम वर. ४९९ ला ५०, ५०० ला ५०, ५०१ ला ७०. मधल्या वजनांनी तपासून उपयोग नाही, पाऊण किलो जुन्या कोडमध्येही बरोबरच येत होतं. पुण्याच्या मुलाने तपासताना बहुधा तसलीच मधली वजनं घातली असतील.

---

जमाखर्च_म्हापसा

सगळं कॉम्प्युटरचं झालं, आता पैशांचं कोणी बोलणार का?

एक, ज्यांच्याकडून जास्त घेतले त्यांचं काय? बिलात भाडं धरलेलं असेल तर त्यावर जीएसटीही लागलेला असणार. नुसते चाळीस रुपये यूपीआयने परत पाठवून हिशोब मिटत नाही, क्रेडिट नोट काढावी लागते, तरच कर कमी करता येतो. आणि त्याला मुदत असते. ज्या आर्थिक वर्षातली बिलं, ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंत.

दोन, आणि हे मला जास्त खटकतंय. तुम्ही गिऱ्हाइकाला निव्वळ वजनावर भाडं लावता. पण कुरिअरवाला तुमचं खोकं तराजूवर ठेवतो ना? अर्धा किलो काजू, वर खोकं, वर टेप. ते ५०० ग्रॅम कसं राहील? त्याच्याकडे ते अर्ध्या किलोच्या वरच्या टप्प्यातच जाणार. म्हणजे इतके दिवस चुकून ७० घेत होतात त्यातले २० कुरिअरलाच जात होते. आता ५० घ्याल आणि फरक घरातून भराल.

---

डिचोलीचा_काजूवाला

@जमाखर्च_म्हापसा, दुखतं तिथेच बोट ठेवलंत.

कार्ड ठरवताना बाबांनी खोक्याचं धरूनच दर लावले होते असं ते म्हणतात. पण तेव्हापासून साइट जास्तच घेत आलीय, त्यामुळे खऱ्या दराने परवडतं की नाही हे आम्ही कधी बघितलंच नाही. काल कुरिअरची बिलं काढून बसलो. एक आणि दोन किलोला ठीक आहे. अर्ध्या किलोला घाटा आहे.

बाबांचं म्हणणं, मग तेवढं अर्ध्या किलोचं जुनंच राहू दे.

---

पर्वरीकर

बाबांना सांगा, राहू द्यायचं तर कार्ड बदला. "अर्ध्या किलोपर्यंत ६५" लिहा, गिऱ्हाईक बघून घेईल. पण कार्डावर ५० आणि बिलात ७० हे चालणार नाही.

---

मडगावचे_खाजेवाले

मी तर सरळ भरलेलं खोकं तराजूवर ठेवतो आणि येईल ते गिऱ्हाइकाला सांगतो. निव्वळ-बिव्वळ काही नाही. चिन्हांचा त्रास नाही.

---

वास्को_कार्गो

@मडगावचे_खाजेवाले, त्रास आहे, फक्त कमी वेळा दिसतो. तुमचा तराजू पाच किंवा दहा ग्रॅमच्या टप्प्याने दाखवत असेल. म्हणजे ९.९९८ चं तो १०.००० दाखवणार. तराजूवर नेमके आकडे वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त वेळा येतात. आणि तुमचं ५० × ४० × २५ चं खोकं तर मापानेच बरोबर दहा किलो आहे, दर वेळी! तुमच्या कुरिअरच्या कार्डावर दहा कुठल्या टप्प्यात आहे ते बघितलंत का कधी?

---

मडगावचे_खाजेवाले

...नाही. बिल काढून बघतो.

---

डिचोलीचा_काजूवाला

ग्रॅमवालं कोड बसवलं. सोलांची वीस पाकिटं ११०. सीमेच्या खाली-वर सगळं घालून बघितलं, कार्डाप्रमाणे येतंय. अर्ध्या किलोचा दर चवथीनंतर बदलू, आता मधेच नको.

जुन्या गिऱ्हाइकांचं अजून ठरत नाहीये. मी म्हणतो यादी काढून सगळ्यांना परत द्यावे. बाबा म्हणतात विचारतील त्यांना द्यावे, बाकीच्यांना पुढच्या ऑर्डरीत सोलां घालावीत.

---

जमाखर्च_म्हापसा

सोलां घालून जीएसटीचा हिशोब सुटत नाही हे बाबांना सांगा. यादी काढताना ऑर्डरीतलं साठवलेलं वजन वापरू नका, तिथे ०.९९९९ पडलेलं असेल. पाकिटांवरून ग्रॅम परत मोजा.

---

मांडवीकाठ

मी बाबांच्या बाजूने. वीस रुपयांसाठी क्रेडिट नोटा काढत बसलात तर काजू कोण भाजणार?

---

फोंड्याची_शर्वरी

माझी एक शंका राहिलीच. आमच्या ट्रान्सपोर्टच्या कार्डावर ना "पर्यंत" आहे ना "पासून". नुसतं "१ – २ किलो", खाली "२ – ५ किलो". मग बरोबर दोन किलो कोणाचे?

---

पर्वरीकर

कार्ड वाचून ते सांगता येणार नाही, दोन्ही ओळी हक्क सांगतात. सॉफ्टवेअरमध्ये हेच कोणी `BETWEEN` लावून लिहिलं तर दोन किलोला दोन्ही ओळी मिळतात आणि जी आधी येईल ती लागते. त्यांच्याकडून लेखी घ्या. तोवर जुन्या बिलांत बरोबर दोन किलोचं एखादं सापडतंय का बघा.

---

वास्को_कार्गो

रस्त्याच्या मालात मी तरी "दोनपर्यंत खालचं" असंच बघितलंय. पण लेखी घ्याच.

---

फोंड्याची_शर्वरी

दोन बिलं सापडली. दोन्ही बरोबर दोन किलोची, दोन्ही त्याच ट्रान्सपोर्टची. एक फोंड्याहून बुक केलेलं, खालच्या दराने. दुसरं पणजीहून, वरच्या दराने. फोन केला तर फोंड्याचा माणूस म्हणतो पणजीवाल्यांनी चुकीचं लावलं, आणि पणजीवाला म्हणतो फोंड्याचा. सोमवारी दोन्ही बिलं घेऊन जातेय.